सोसायटी ग्रुप: अभिजितच्या ट्रायल आठवड्याचा मेल

अभिजित (सी-४०३): नमस्कार मंडळी. शंभर फुटी रोडवर आपलं को-वर्किंग चालू आहे, माहितीच आहे. घरून काम करणारे आणि दोन-तीन माणसांच्या छोट्या एजन्सी, अशा १४० जणांना मेल टाकायचाय. एक आठवडा फुकट बसून बघा म्हणून. खाली मसुदा देतो, जरा बघून सांगा.

"आपल्या सांगलीत आता जागतिक दर्जाचं वर्कस्पेस! हायस्पीड इंटरनेट, प्रीमियम वातावरण, २४ तास पॉवर बॅकअप. ७ दिवस अगदी मोफत*! मर्यादित जागा, आजच नोंदणी करा. *अटी लागू. सोबत माहितीपत्रक जोडले आहे."

जोशी काका (ए-१०१): ग्रुपवर धंद्याच्या जाहिराती टाकायच्या नाहीत असं ठरलंय ना? की नियम फक्त आमच्या आंब्याच्या पेट्यांना?

अभिजित: काका, जाहिरात नाही ओ, सल्ला मागतोय. आंबे घेतलेच होते की मी.

ऋता (बी-२०२): मी चार वर्षं घरून डिझाइनचं काम करते, म्हणजे हा मेल मलाच यायचा. स्पष्टच सांगते. त्या चांदणीपाशीच मी मेल बंद केला असता. "अटी लागू" म्हटलं की मनात पहिलं येतं, आठव्या दिवशी हा पैसे मागणार. त्या अटी चांदणीखाली का लपवल्यात? मेलमध्ये त्याच लिहा, बाकी सगळं काढा.

अभिजित: अटी अशा काहीच नाहीत गं. म्हणून तर लिहिल्या नाहीत.

ऋता: मग सांग. गुरुवारी आले तर सात दिवस कसे मोजणार? रविवारी उघडं असतं का?

अभिजित: रविवारी बंद. आणि गुरुवारी आलीस तर… पुढच्या बुधवारपर्यंत बहुतेक.

ऋता: "बहुतेक" हीच अट झाली बघ. सरळ सोमवार ते शनिवार ठेव. सगळ्यांचा आठवडा एकाच दिवशी सुरू, एकाच दिवशी संपला की तुलाही हिशोब सोपा. आणि शनिवारी संध्याकाळी काय होतं ते लिही. नाव आपोआप पुढच्या महिन्यात जातं का, फोन येतो का, डिपॉझिट घेतोस का. माणूस घाबरतो ते तिथंच, पहिल्या दिवसाला कोण घाबरत नाही.

अभिजित: काही नाही. डिपॉझिट नाही, कार्ड नाही. राहायचं असेल तर स्वतः सांगायचं, नाही सांगितलं तर विषय संपला.

ऋता: हे वाक्य जसंच्या तसं मेलमध्ये घाल. अख्ख्या मसुद्यापेक्षा चांगलं आहे.

मुल्ला भाई (डी-१०४): आमचं तिघांचं ऑफिस आहे, बेदाणा आणि हळदवाल्यांच्या जाहिराती, व्हिडिओ करतो. मला एकच विचारायचंय. "हायस्पीड" म्हणजे किती, आणि अपलोड किती? डाऊनलोडचा आकडा सगळे सांगतात.

अभिजित: फायबर आहे, २०० एमबीपीएसचं. दोन्हीकडं २००. दुसऱ्या कंपनीची लाइनही आहे, ती ५० ची.

मुल्ला भाई: हेच लिहा की मग! एका शूटिंगचं २० जीबी पुण्याला पाठवायचं असतं. घरच्या लाइनवर अपलोड २० मिळतो, सव्वादोन तास जातात. तुमच्याकडं पूर्ण २०० मिळाला तर पंधरा मिनिटांच्या आत काम झालं. सगळे एकदम बसल्यावर पूर्ण नाही मिळणार, कळतंय मला. पण आमच्यासाठी यायचं कारण हेच आहे, आणि तुम्ही "प्रीमियम वातावरण" लिहिलंय.

अभिजित: आमच्याकडं दुपारी हॉल भरलेला असताना अपलोड ६० ते ८० दिसतो. हेच लिहू का?

मुल्ला भाई: हेच लिहा. पहिली लाइन पडली तर दुसरी आपोआप येते का?

अभिजित: येते, पण दोन-तीन मिनिटं लागतात. चालू कॉल तुटतो.

मुल्ला भाई: तेही लिहा. माणूस बसलेला असताना कॉल तुटला आणि आधी सांगितलं नव्हतं, तर तो परत येत नाही. सांगितलं होतं तर म्हणतो, चला, हेच ते.

वर्षा काकू (सी-२०१): आणि लाइट गेली तर? २४ तास बॅकअप म्हणजे जनरेटर आहे का?

अभिजित: इन्व्हर्टर आहे काकू. दिवे, पंखे, राउटर, लॅपटॉपचे पॉइंट, असं साधारण तीन तास चालतं. एसी नाही चालत.

वर्षा काकू: मग २४ तास कुठून आले रे बाळा. मे महिन्यात एसी बंद म्हणजे काय ते सांगलीकराला वेगळं सांगायला नको.

ऋता: आता माझा खरा मुद्दा. कॉल. माझे क्लायंट पुण्यात, रोज ११ ते १ च्या मधे कॉल असतो. हॉलमध्ये बसून बोलायचं का? मागं मी दुसऱ्या शहरात एका अशाच जागी महिनाभर बसले होते. फोनसाठी एकच काचेची खोली, आणि ११ वाजता तिच्या दारात चौघं उभे, हातात चार्जर धरून. शेवटी जिन्यात बसून क्लायंटशी बोलले. जागा दिसायला इतकी छान होती, पण ट्रायलला मी सकाळी ९ ला गेले होते ना, तेव्हा सगळं मोकळंच.

अभिजित: आमच्याकडंही बूथ एकच आहे. हॉल २२ जणांचा.

ऋता: मग अर्ध्या तासाचा स्लॉट ठेव, दारावर वहीच ठेव, नाव लिहायचं. आणि ट्रायलवाल्यांनाही तोच नियम, वेगळी सवलत नको. त्यांना पाहुण्यासारखं वागवलंस तर त्यांना नेहमीचा आठवडा दिसणारच नाही. पैसे भरल्यावर बूथ मिळेना की तेव्हा कळणार.

मुल्ला भाई: बरोबर. आणि आमच्यासारख्यांचं उलटं असतं. माझा एक पोरगा दिवसभर फोनवर, व्यापाऱ्यांशी. तो हॉलमध्ये बसला तर तुमची पैसे भरणारी माणसं पळून जातील. एजन्सीला आणि एकट्याला एकच मेल नका पाठवू.

अभिजित: मीटिंग रूमच्या बाजूला कोपऱ्यात एक मोठं टेबल आहे. एजन्सीला तिथं बसवू शकतो. मीटिंग रूम आठवड्यात चार तास देतो.

ऋता: आणि आठवड्याला किती जण घेणार?

अभिजित: येतील तेवढे. जागा रिकाम्या आहेतच की.

ऋता: नको. चार एकटे आणि एक एजन्सी, तिघांपर्यंत. म्हणजे सात माणसं. अजून घेतलीस तर हॉलमध्ये निम्मे फुकटवाले दिसतील, बूथपुढं रांग लागेल, आणि तुझे जुने लोक विचारतील की आम्ही पैसे कशाचे भरतो.

जोशी काका: माझ्या मते फुकट देऊच नये. ५०० रुपये तरी घ्या. फुकटचं असलं की लोक फॅनची हवा खायला येतात.

अभिजित: काका, ५०० घेतले की पावती, जीएसटी, परत द्यायचे का नाही, हे सगळं आलं. माणसं मोजकी ठेवतो, ते बरं.

सीमाताई (ए-३०४): करसल्लागार म्हणून दोन गोष्टी. महिन्याचा दर मेलमध्ये लिहिणार ना? "४,५०० अधिक कर" असं लिहू नका. १८ टक्के जीएसटी धरून ५,३१० होतात, तोच आकडा मोठा लिहा. ज्यांची जीएसटी नोंदणी आहे त्यांना ते ८१० रुपये सहसा क्रेडिटमध्ये मिळतात, पण एकटं काम करणाऱ्या बऱ्याच जणांची नोंदणीच नसते. त्यांच्या खिशातून पूर्ण ५,३१० जाणार. आठवडा संपल्यावर हा आकडा पहिल्यांदा कळला तर फसवल्यासारखं वाटतं.

दुसरं, पत्ता. नोंदणीसाठी पत्ता मिळेल का, असं कुणीतरी विचारणारच. त्याला करार आणि संमतीपत्र लागतं. ट्रायलमध्ये पत्ता वापरता येणार नाही, हे आधीच लिहा. नाहीतर आठवडाभर बसलेल्याच्या नावाची कसलीतरी नोटीस तुमच्या दारात यायची.

अभिजित: हे लक्षातच आलं नव्हतं. ओळखपत्राची झेरॉक्स घेत होतो, ती चालेल?

सीमाताई: आठवड्यासाठी कशाला? बघा आणि परत द्या. वहीत नाव आणि फोन पुरे.

जोशी काका: मग पाठवून टाका आता. सगळ्यांचे पत्ते एका मेलमध्ये घाला, एकदम काम होतं.

ऋता: काका, तसं केलं तर १४० जणांना एकमेकांचे पत्ते दिसतील, आणि कुणीतरी सगळ्यांना उत्तर पाठवणार, "माझं नाव काढा". मग दुसरा, मग तिसरा. बीसीसीत टाकलं तर पत्ते दिसत नाहीत, पण मेल कुणालाच उद्देशून नसतो आणि बऱ्याचदा स्पॅममध्ये जाऊन पडतो. अभिजित, रोज दहा-पंधरा पाठव, एकेकाला, नावानं. पहिली ओळ त्या माणसाच्या कामाबद्दल. जोडपत्र नको, कोण उघडतंय. उत्तर नाही आलं तर आठ-दहा दिवसांनी एकदाच आठवण, मग सोडून द्यायचं.

अभिजित: (तासाभरानं) बघा आता. हा एकट्यांसाठीचा.

"विषय: शंभर फुटीवर सोमवार ते शनिवार बसून बघा, पैसे नाहीत

नमस्कार. तुम्ही घरून वेबसाइटचं काम करता हे तुमच्या साइटवर वाचलं, म्हणून लिहितोय.

आमचं २२ जणांचं को-वर्किंग आहे. एक आठवडा, सोमवार ते शनिवार, सकाळी ९ ते संध्याकाळी ७, बसून बघा. डिपॉझिट नाही, कार्ड नाही. शनिवारी आठवडा संपतो. राहायचं असेल तर तुम्ही सांगायचं, नाही सांगितलं तर विषय संपला, आम्ही फोन करणार नाही.

दुपारी हॉल भरलेला असताना अपलोड ६० ते ८० एमबीपीएस मिळतो. लाइन पडली तर दुसरी यायला दोन-तीन मिनिटं लागतात आणि चालू कॉल तुटतो. लाइट गेली तर तीन तास इन्व्हर्टर, पण एसी बंद. फोनसाठी बूथ एकच आहे, अर्ध्या तासाचा स्लॉट वहीत लिहायचा. हॉलमध्ये स्पीकरवर बोलता येत नाही. आठवड्यात आमचा पत्ता नोंदणीसाठी वापरता येणार नाही.

पुढं राहिलात तर एका जागेचे महिन्याला ५,३१० रुपये, जीएसटी धरून. महिना सुरू व्हायच्या आधी भरायचे, सोडायचं तर पुढचा महिना भरायचा नाही, एवढंच.

एका आठवड्याला चौघांनाच घेतो. यायचं असेल तर कुठला सोमवार ते कळवा. नको असेल तर 'नको' एवढं लिहा, परत मेल येणार नाही."

मुल्ला भाई: हां, हा वाचला मी शेवटपर्यंत. एजन्सीच्या मेलमध्ये तिघांचे १५,९३० आणि कोपऱ्यातलं टेबल टाका. फोनवाल्या पोराचं काय, तेही.

वर्षा काकू: चहा फुकट आहे का ते नाही लिहिलं.

अभिजित: खाली टपरी आहे काकू. तेही लिहितो, चहा आपापला.

सीमाताई: एकाच सोमवारी सहा जण आले तर?

अभिजित: पहिल्या चौघांना हो, बाकीच्यांना त्याच दिवशी पुढच्या सोमवारची तारीख. "कळवतो" म्हणून लटकवत नाही. वही आजच करतो.

मुल्ला भाई: मग आमचं नाव पहिल्या पानावर. पण या आठवड्यात नको, दोन शूटिंग आहेत. फोनवाल्याला घेऊनच येतो, सगळं खरंच कसं चालतं ते बघायचंय.