ट्रेनिंगचा तास: एजंटचा अ‍ॅडहिअरन्स कापायचा का?

विश्रामबागकर: सांगलीत आमचा कॉल सेंटरचा छोटा फ्लोअर आहे. शिफ्ट ९ तासांची, त्यात ब्रेक मिळून १ तास. या महिन्यात नव्या प्रॉडक्टचं रोज १ तास ट्रेनिंग आहे. रजा आणि दांड्या १० टक्क्यांच्या आसपास. दिवसभर फोनवर २८ जण लागतात. रोस्टरवर किती घेऊ? आणि ट्रेनिंगला बसलेल्याचा अ‍ॅडहिअरन्स, म्हणजे शेड्यूल किती टक्के पाळलं तो आकडा, कापायचा का? मॅनेजर म्हणतात, कापा.

कुपवाडकर: मॅनेजरांचं बरोबर आहे. क्यू लागलेली असताना माणूस फोनवर नसेल तर त्याचा आकडा खाली यायलाच हवा. क्लायंटला उत्तर मला द्यावं लागतं. माणसांचं म्हणाल तर सगळं धरून ३० टक्के बाहेर जातात. २८ वर ३० टक्के चढवा, ३६-३७ जणांत भागेल.

तासगावची: भागणार नाही दादा. ते ३० टक्के रोस्टरवरच्या एकूण माणसांतले आहेत, २८ मधले नव्हेत. त्यामुळे भागाकारच करावा लागतो: २८ ÷ ०.७० = ४०. उलट मोजून बघा. ४० पैकी ४ जण रजेवर, राहिले ३६. प्रत्येकाच्या ५४० मिनिटांतली ६० ब्रेकची, ६० ट्रेनिंगची, म्हणजे फोनसाठी ४२०. ३६ जणांची ही मिनिटं एकत्र केली की फोनवर सरासरी बरोबर २८ जण मिळतात. ३६ घेतले असते तर जेमतेम २५ मिळाले असते.

काही जण उलटी चूक करतात. ब्रेक-ट्रेनिंगचे २२ टक्के आणि रजेचे १० अशी सरळ बेरीज करून ३२ धरतात, मग ४२ माणसं मागतात. जो आलाच नाही, त्याचा ब्रेकही दुसऱ्यांदा वजा होतो तो असा.

आता अ‍ॅडहिअरन्स. तो तास आपणच काढून घेतला, तो श्रिंकेजमध्ये, म्हणजे फोनवर न मिळणाऱ्या त्या ३० टक्क्यांत, मोजून जास्तीची माणसंही मागितली. त्याच तासासाठी पोराचा आकडा कापला तर एकाच गोष्टीचे पैसे दोघांकडून घेतल्यासारखं होतं. शेड्यूलमध्ये ट्रेनिंग लिहिलंय आणि एजंट ट्रेनिंगला बसलाय, म्हणजे त्याने शेड्यूल पाळलं.

पलूसचा: आमच्याकडचे दर महिन्याला दोघं-तिघं नोकरी सोडून पुण्याला जातात. ते पण श्रिंकेजमध्ये धरायचे ना?

तासगावची: नाही. सोडून गेलेला माणूस पगारावरच नाही, तो अ‍ॅट्रिशनमध्ये. त्याची सोय भरतीत करायची.

मिरजवाला: मी एजंट आहे, माझं ऐका. त्या दिवशी माझा ब्रेक १:३० ते २ होता. १:३० ला ग्राहक लाइनवर, रिफंडवरून चिडलेला. १:४१ ला कॉल संपला, २:११ ला परत लॉगिन केलं. ब्रेक ३० मिनिटांचाच घेतला, तरी २२ मिनिटं कापली. दुपारी टीएलनी, म्हणजे टीम लीडरनी, अचानक तासभर ट्रेनिंगला नेलं, तेही कापलं. आकडा ८५ च्या खाली गेला आणि महिन्याचा इन्सेन्टिव्ह हुकला. यात माझी चूक काय?

तासगावची: २२ बरोबर आहेत. ११ मिनिटं ब्रेकच्या जागी कॉल, नंतर ११ मिनिटं कॉलच्या जागी ब्रेक. ट्रेनिंगची ६० धरून ८२, म्हणून ५४० वर ८४.८ टक्के. पण ती ६० मिनिटं टीएलनी शेड्यूल बनवणाऱ्या डब्ल्यूएफएम टीमला कळवून शेड्यूलमध्ये टाकायला हवी होती. टाकली असती तर ९५.९ आले असते. आधी न ठरलेलं ट्रेनिंग त्याच दिवशी एक्सेप्शन म्हणून नोंदवायचं, महिनाअखेरीस नाही. तोपर्यंत कोण कुठे बसला होता हे कुणाला आठवत नाही.

कुपवाडकर: म्हणजे ट्रेनिंगला कितीही वेळ बसलं तरी माफ?

तासगावची: तसं मी म्हटलं नाही. ११ ते १२ लिहिलंय आणि पोरगा १२:१० ला आला तर ती १० मिनिटं त्याच्या नावावर. ट्रेनरनेच लांबवलं असेल तर ट्रेनरच्या.

क्यूबद्दलची तुमची काळजी मात्र खरी आहे. विश्रामबागकर, ते ३० टक्के पूर्ण दिवसाचे आहेत. ३६ पैकी १८ जणांना ११ वाजता एकदम ट्रेनिंगला बसवलंत तर त्या तासाला फोनवर जास्तीत जास्त १८ उरतील, दिवसाचा आकडा कितीही सरळ दिसो. चार-चार, पाच-पाच जणांचे गट पाडा, ब्रेक त्यांच्या आड येऊ देऊ नका आणि अर्ध्या अर्ध्या तासाला हजर माणसं मोजा. गणपतीच्या आठवड्यात रजा १० टक्के धरू नका, त्या आठवड्याचा मागच्या वर्षीचा आकडा काढा. २०१९ च्या ऑगस्टसारखा पूर आला तर कुठलीच सरासरी कामाची नाही, तो दिवस वेगळा काढून ठेवा, नाहीतर पुढचे सगळे महिने फुगतात.

विश्रामबागकर: गट पाडून बघतो. मिरजवाल्यांच्या त्या २२ मिनिटांचं काय पण?

तासगावची: माझ्या मते माफ करावीत. कॉल अर्ध्यावर तोडला असता तर आकडा राहिला असता आणि ग्राहक गेला असता.

कुपवाडकर: इथे माझा विरोध कायम आहे. २ वाजता तो येणार म्हणून पुढच्याला ब्रेकला सोडलेलं असतं. लांबलेला प्रत्येक कॉल माफ केला तर ब्रेकच्या तोंडावर कॉल लांबवणारे आमच्याकडे निघालेच होते. फार तर पहिली ११ सोडा, नंतरची ११ नाही.

मिरजवाला: मग मी ब्रेक १९ मिनिटांत उरकायचा का? जेवणाचा ब्रेक होता तो.