मदत हवी आहे : आमच्या तळ्यात नक्की काय काय वाढतंय? आणि काढायचं कधी?

तळेकाठी (२ मार्च)
आमचं गाव दौंड तालुक्यात. गावतळं साधारण एक एकराचं, मधोमध पुरुषभर पाणी, कडेला कमरेइतकं. चार वर्षांपूर्वी कुणीतरी कमळाचे कंद लावले, ते पसरले. गेल्या पावसाळ्यापासून पश्चिमेच्या काठाला केंदाळ दिसायला लागलंय (जांभळी फुलं, फुगलेले देठ, त्याबद्दल शंका नाही). तिसरंही काहीतरी आहे : गोल पानं, पाण्यावर सपाट पडलेली. हे कमळ की कुमुद की आणखी काही? ग्रामपंचायतीत एक मत असं की सगळ्यावर एकदाच औषध मारून मोकळं व्हावं. तळ्यात रोहू-कटला सोडलेत, ठेका दिलेला आहे. मला एवढंच कळत नाही की एवढ्याशा हिरवळीला घाबरायचं का. तीन बाजूंनी पाणी मोकळंच दिसतंय.

बाल्कनीबाग
माझ्या टबातल्या कमळाला दोन वर्षं पानंच येताहेत, फूल नाही. माती बदलू का?

रानवाटा
@बाल्कनीबाग, ऊन किती तास मिळतं ते आधी सांगा, आणि वेगळा धागा काढा हो. @तळेकाठी, सोपं आहे. पान पाण्याच्या वर उभं असेल तर कमळ, पाण्यावर पडलेलं असेल तर कुमुद. आणि गवत्या मासा सोडा, तो सगळं साफ करतो. औषधाची गरजच नाही.

सुनंदाताई
रानवाटा, निम्मं बरोबर आहे. कमळाची पहिली पानं पाण्यावरच पडून राहतात, उभी पानं नंतर येतात. आत्ता मार्चमध्ये नवी फूट चालू असते, त्यामुळे नेमकी याच महिन्यात ही खूण फसवते. तळेकाठी, एक पान देठासकट काढा. गोलाला कुठेही चीर नसेल, देठ पानाच्या मध्यभागी खालून चिकटलेला असेल आणि वर टाकलेलं पाणी पाऱ्यासारखं घरंगळत असेल, तर ते कमळ. पानाला काठापासून देठापर्यंत चीर असेल तर कुमुदासारखं काहीतरी. चीर आहे पण पान तळहाताएवढंच, आणि पानाच्या अगदी खालून, देठावरूनच छोटी पांढरी फुलं निघताहेत, पाकळ्यांना झालर आहे, तर ते निम्फॉइडिस. ते आपल्याकडचंच आहे. त्याला काढायची घाई नको.

गवत्या मासा तळाशी बुडून वाढणारं हायड्रिला आवडीने खातो. केंदाळाला तो फारसं तोंड लावत नाही.

तळेकाठी
चीर आहे! पान माझ्या तळहाताएवढं. फूल अजून एकही नाही. उभी पानं आहेत त्यांना चीर नाही, पाणी घरंगळतं.

सुनंदाताई
मग उभी पानं कमळाची. लहान पानाचा निकाल फुलावरच लागेल, तोवर घाई नको. खरा प्रश्न केंदाळाचा, आणि तुम्ही लिहिलंय की तीन बाजू मोकळ्या आहेत. केंदाळ किती जागेवर आहे हे पाहून फसायला होतं. ते किती वेगाने वाढतंय हे पाहायचं.

समजा आज ते अर्धा गुंठा आहे. ऊन चढलं, पाण्यात खत-सांडपाणी असलं, तर दोन आठवड्यांत दुप्पट होणं अगदी शक्य आहे. तळं ४० गुंठ्यांचं. दर पंधरवड्याला दुप्पट धरली तर अर्ध्याचा एक, दोन, चार, आठ, सोळा. म्हणजे दहा आठवड्यांनंतरही निम्म्याहून जास्त तळं मोकळं दिसेल आणि लोक म्हणतील, आहे की पाणी. त्यानंतरच्या एकाच पंधरवड्यात ते बत्तीस गुंठे होईल. दाट केंदाळ चौरस मीटरला वीसेक किलो तरी भरतं, म्हणजे एका गुंठ्याला दोन टन. आज एका ट्रॉलीत संपणारं काम तेव्हा पासष्ट टनांचं झालेलं असेल.

पण दुप्पट हा माझा अंदाज, तुमच्या तळ्याचा आकडा तुम्हीच काढा. नुसता डोळ्यांनी अंदाज नको, कारण वारा केंदाळाला एका काठाला दाबतो आणि ते कमी झाल्यासारखं वाटतं. दोरीला रिकाम्या बाटल्या बांधून त्याला वेढा घाला. पसरणंही थांबतं आणि मोजता येतं. पंधरा दिवसांनी पुन्हा मोजा.

धरणकाठचा भोई
उजनीच्या काठचा आहे मी. ताई बोलतात ते खरं. आमच्याकडे केंदाळात जाळं टाकायला जागा राहत नाही, होडी अडकते. एक लक्षात ठेवा, पहाटे पाण्यावर मासे तोंड वर काढून श्वास घेताना दिसले की समजा वेळ गेली. खाली हवाच नाही. आणि औषध मारून ते जागेवरच कुजवू नका. एकदम कुजलं की पाण्यातला उरलासुरला प्राणवायू तेच खातं आणि मासे उलटे होतात. ठेकेदार गावाच्या मागे लागेल.

रानवाटा
मग जैविक उपाय? भुंगेरे सोडतात म्हणे केंदाळावर.

सुनंदाताई
सोडतात. निओकेटिना जातीचे, भारतात ऐंशीच्या दशकात आणलेले. पण त्यांना जम बसायला वर्षं लागतात आणि सांडपाण्यावर पोसलेलं केंदाळ त्यांच्या पुढे पळतं. एक एकराला हातच बरे. औषधाचा आणखी एक तोटा म्हणजे फवारा वाऱ्याने कमळावरही जाणार. तळेकाठी, तळ्यात गटार किंवा गोठ्याचं पाणी येतं का?

तळेकाठी
पश्चिमेला शाळेमागची मोरी येते. केंदाळ तिथूनच सुरू झालंय.

तळेकाठी (१९ मार्च)
मोजलं. २ तारखेला धागा टाकला, ४ तारखेला वेढा घातला. तेव्हा २७ बाय २० फूट, म्हणजे ५४०. आज ३१ बाय ३०, म्हणजे ९३०. दुप्पट नाही झालं.

सुनंदाताई
पंधरा दिवसांत पावणेदोन पटीच्या जवळपास. म्हणजे एकोणीस-वीस दिवसांत दुप्पट. एप्रिलच्या उन्हात वेग वाढेल. हाताने काढायची वेळ हीच. फुलं आलेली रोपं आधी, कारण बी गाळात पडलं की बरीच वर्षं उगवत राहतं. मुळासकट काढा, तुटलेली फांदीही तरंगत जाऊन नवं रोप करते. काठावर ढीग घालू नका, पहिल्या पावसात परत आत जाईल. लांबच्या खड्ड्यात शेणाबरोबर कुजवा. मोरी वळवली नाही तर दरवर्षी हेच करावं लागेल.

तळेकाठी (२६ मार्च)
काल तरुण मंडळाच्या बारा पोरांनी काढलं. एक ट्रॉली भरून थोडं उरलं. पाणकणसात लपलेली दहा-वीस रोपं मी आज पुन्हा काढली, त्यांचा हिशेब माझ्याकडे नव्हताच. मोरीचं ग्रामपंचायत बघते म्हणाली. बघूया. कमळावरून मात्र वाद आहे. काही म्हणतात तेही निम्मं काढा.

धरणकाठचा भोई
काढा की. मासेमारीला कमळही आडवं येतं. देठांत जाळं अडकतं.

सुनंदाताई
मी निम्मं काढणार नाही. मध्ये खोल पाणी आहे तिथे ते सहसा फार जात नाही, ते कडेलाच राहतं. फक्त घाटाजवळ आणि जाळं टाकायच्या पट्ट्यात पानं पाण्याखालून कापा, वरून नाही. देठाच्या पोकळीतून कंदाला हवा जाते, पाण्याखाली दोन-तीनदा कापलं की त्या पट्ट्यातला कंद थकतो. पण भोईदादांचं म्हणणं चूक नाही. तळ्यात मासा हवा की फूल, हे तुमच्या गावालाच ठरवावं लागेल.

तळेकाठी
लहान गोल पानांना आज एक कळी दिसली. उमलली की फोटो टाकतो.

बाल्कनीबाग
ऊन दिवसाला तीनच तास मिळतं. यामुळे असेल का?