लाइव्ह कनेक्शन की ठरावीक वेळेचे एक्स्ट्रॅक्ट

“टॅब्लोमधले एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे डेटाची साठवलेली प्रत, रोज रात्री रिफ्रेश होत असेल, तर मूळ डेटा थेट वाचणारे लाइव्ह कनेक्शन हवेच कशाला?”

बहुतांशी मान्य, मात्र तो रिफ्रेश संपूर्ण आहे की वाढीव, हे आधी पाहावे. टॅब्लो या डॅशबोर्ड बनवण्याच्या साधनातील नेहमीचा वाढीव रिफ्रेश निवडलेल्या स्तंभातील शेवटच्या मूल्यापुढच्याच ओळी जोडतो. जुन्या ओळीत नंतर झालेला बदल त्याला दिसत नाही. आमच्या विक्रीच्या डॅशबोर्डवर तो स्तंभ ऑर्डरच्या तारखेचा होता, त्यामुळे 3 तारखेची ऑर्डर 9 तारखेला रद्द झाली तरी तिची रक्कम बेरजेत तशीच राहिली, आणि वर रिफ्रेशची वेळ मात्र (दिलासा देण्यापुरती) आजचीच दिसत होती. मूळ टेबलातील महिनावार बेरीज शेजारी ठेवल्यावरच फरक उघड झाला. आता रोज वाढीव आणि रविवारी संपूर्ण रिफ्रेश चालतो. लाइव्ह कनेक्शन केवळ रद्द ऑर्डरींच्या पानापुरते ठेवले आहे.