आलेखाचं वर्णन: निष्कर्ष आधी की आकडे आधी?

टाचण: भारतातल्या स्त्री-पुरुष साक्षरतेचा रेषालेख आहे. १९५१ ते २०११, सात जनगणना, दोन रेघा. स्क्रीन रीडरसाठी `alt` मध्ये खालचा मजकूर टाकलाय, पण ऐकणारे म्हणतात फार लांब आहे. काय कापू? आणि निष्कर्ष आधी सांगितला तर तो वाचकावर लादल्यासारखं होत नाही का?

> या चित्रामध्ये पांढऱ्या पार्श्वभूमीवर एक रेषालेख दाखवण्यात आला आहे. आडव्या अक्षावर १९५१ ते २०११ ही जनगणना वर्षे असून उभ्या अक्षावर ० ते १०० टक्के असे प्रमाण आहे. निळी रेघ पुरुषांची तर नारिंगी रेघ स्त्रियांची साक्षरता दर्शवते. १९५१ मध्ये पुरुष २७.२ टक्के व स्त्रिया ८.९ टक्के, १९६१ मध्ये पुरुष ४०.४ टक्के व स्त्रिया १५.४ टक्के… (असंच २०११ पर्यंत: पुरुष ८०.९, स्त्रिया ६४.६.) यावरून दोन्ही गटांतील अंतर कमी झाल्याचे दिसते.

अनुस्वार: मुद्द्याचं वाक्य सगळ्यात शेवटी आहे, खरी अडचण तिथेच. `alt` हा एक सलग धागा असतो. त्यात परिच्छेद, मथळे, तक्ते काही टिकत नाही. ऐकणारा चौदा आकडे ओलांडून त्या वाक्यापर्यंत पोहोचतो तेव्हा १९६१ चा आकडा केव्हाच विसरलेला असतो. त्यातला एखादा आकडा पुन्हा हवा असेल तर बऱ्याचदा सगळं नव्याने ऐकावं लागतं.

आधी फुकटचं उचला. "या चित्रामध्ये" नको, कारण हे चित्र आहे हे स्क्रीन रीडर स्वतःच सांगतो. पांढरी पार्श्वभूमी नको. ० ते १०० चा अक्ष नको; तो ३० पासून सुरू केला असता तर मात्र सांगायला हवं होतं, कारण मग रेघांचा चढ फसवा दिसतो. रंगही नकोत, फक्त लेखात पुढे कुठे "नारिंगी रेघ पाहा" असं म्हटलं असेल तर ठेवा. मग निष्कर्ष वर आणा आणि मधले आकडे खाली तक्त्यात न्या:

```html
<figure lang="mr">
  <img src="saksharata.png" alt="स्त्री-पुरुष साक्षरतेतलं
   अंतर १९८१ पर्यंत वाढत गेलं, मग घटलं. १९५१ ते २०११:
   पुरुष २७ वरून ८१ टक्के, स्त्रिया ९ वरून ६५ टक्के.
   रेषालेख; सर्व आकडे खालच्या तक्त्यात.">
  <table>…</table>
</figure>
```

तिरकी रेघ: मी रोज स्क्रीन रीडरवरच वाचतो आणि मला हे पटत नाही. डोळस माणूस रेघा बघून स्वतःचं मत बनवतो, आम्हाला मात्र तुमचं मत तयार करून मिळणार. आकडे द्या, निष्कर्ष आमचा आम्ही काढू. तक्ता खाली आहे म्हणता, पण निम्म्या ठिकाणी तो तक्ता नसतोच. मग `alt` मधले आकडेही गेले आणि तक्ताही नाही.

अनुस्वार: शेवटचं अगदी बरोबर. तक्ता नसेल तर `alt` मधले आकडे काढू नका. आधी तक्ता लावा, मग कापा. पहिल्याशी मात्र असहमत. डोळस वाचकाला आकडे आधी दिसत नाहीत, दोन रेघांमधली फट आधी दिसते. तोच क्रम ऐकणाऱ्यालाही मिळावा एवढंच. फक्त त्या वाक्यात रेघांवर दिसतं तेवढंच यावं. "सरकारी प्रयत्नांमुळे अंतर घटलं" हे आलेखात कुठेच नाही. तुमचा आक्षेप तिथे लागू होतो.

कोरा कागद: एवढी चर्चा कशाला? `alt` १२५ अक्षरांच्या आत हवं हा नियम आहे. त्यात बसेल तेवढं ठेवा.

अनुस्वार: WCAG या वेब-सुलभतेच्या मार्गदर्शक नियमांत असा आकडा नाही. छोटं असावं हे खरं, पण १२५ च्या हट्टापायी "अंतर घटलं" एवढंच उरलं तर किती घटलं हे कळणारच नाही. मोजायचंच असेल तर असं करा: NVDA हा स्क्रीन रीडर लावा, पहिलं वाक्य संपताच Ctrl दाबून आवाज थांबवा. तेवढ्यावर आलेखाचा मुद्दा दुसऱ्याला सांगता आला तर क्रम बरोबर आहे.

शेवंता: आमच्या सोसायटीच्या खर्चाचा गोल आलेख मी व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवते. त्याला हा `alt` कुठे लावायचा?

टाचण: शेवंताताई, त्या फोटोखालीच दोन ओळी लिहा. सगळ्यात मोठा खर्च कोणता आणि किती, ते आधी. बाकीचे त्याखाली, एका ओळीत एक.

गाळलेली जागा: अनुस्वार, तुमचं छोटं वाक्य चुकीचं आहे. "१९८१ पर्यंत वाढत गेलं" असं झालेलंच नाही. अंतर १९५१ मध्ये १८.३, १९६१ मध्ये २५, १९७१ मध्ये २४, १९८१ मध्ये २६.६. मध्ये एकदा ते उतरलंय. शिवाय १९७१ पर्यंतचे दर पाच वर्षं व त्यावरील लोकांचे आहेत आणि १९८१ पासूनचे सात वर्षं व त्यावरील. त्या टप्प्यावरच्या चढउताराला फार अर्थ लावू नये. लांब वर्णनात ही चूक खपली नसती, आकडे शेजारीच होते. वाक्य आखूड केलं की प्रत्येक क्रियापद तपासावं लागतं.

अनुस्वार: मान्य, चूक माझी. "वाढत गेलं" च्या जागी "सर्वांत जास्त" हवं. वयोगटाची टीप `alt` मध्ये नको, तक्त्याच्या मथळ्यात हवी. ती डोळस वाचकालाही लागते. आता पहिलं वाक्य असं: "स्त्री-पुरुष साक्षरतेतलं अंतर १९८१ मध्ये सर्वांत जास्त, सुमारे २७ टक्केबिंदू होतं, २०११ मध्ये ते १६ वर आलं." नुसतं "२७ टक्के" लिहू नका, ऐकणाऱ्याला ती कुणाची तरी साक्षरता वाटेल. १९५१ ची पुरुषांची साक्षरताही २७ च आहे.

तिरकी रेघ: माझा मुद्दा यानेच सिद्ध होतो. अंतर वजाबाकीने का मोजलं? भागाकाराने बघा. १९५१ मध्ये पुरुषांचं प्रमाण स्त्रियांच्या तिप्पट होतं, १९८१ मध्ये दुपटीहून थोडं कमी, २०११ मध्ये सव्वापट. या हिशोबाने दरी एकदाही वाढलेली नाही, प्रत्येक जनगणनेत कमीच झाली. मग "मुख्य निष्कर्ष" कोणता?

गाळलेली जागा: हा प्रश्न बिनतोड आहे. पण आलेखावर उभं अंतर काढलंय, पट नाही. वर्णन त्या आलेखाचं आहे.

तिरकी रेघ: मग आलेख काढणाऱ्यानेच निवड केली, आणि वर्णन ती पुढे नेतं. एवढं मान्य असेल तर छोटं वाक्य चालेल मला, तक्ता असेल तरच.

टाचण: तक्ता `<details>` मध्ये बंद ठेवला तर चालेल? पान फार लांब होतंय.

अनुस्वार: चालेल, पण बंद असताना आतला तक्ता स्क्रीन रीडरला दिसत नाही. T दाबून तक्ते शोधणाऱ्याला वाटेल की नाहीच. म्हणून `alt` मध्ये "खालच्या तक्त्यात" ऐवजी बटणावरचे नेमके शब्द लिहा: "सर्व आकडे 'साक्षरतेचे आकडे' या बटणाखाली". तक्ता `aria-describedby` ने जोडायच्या फंदात पडू नका, तो सपाट होऊन पुन्हा तुमच्या पहिल्या मजकुरासारखा एका दमात वाचला जाईल. आणखी एक: लेखाच्या मथळ्यातच "अंतर २७ वरून १६ वर" असं असेल तर `alt` मध्ये तेच पुन्हा नको.

तिरकी रेघ: इथे उलट म्हणेन. मथळा वाचून पाच परिच्छेद झाल्यावर आलेख येतो. मी G दाबून थेट आलेखावर उडी मारली असेल तर मथळा ऐकलेलाच नसतो. राहू द्या ते वाक्य.