तीन लेट मार्क झाले की अर्ध्या दिवसाचा पगार कापावा का?

मकरपुराकर: मकरपुरा जीआयडीसीतील आमच्या कारखान्याची पाळी नऊला सुरू होते आणि दहा मिनिटांची सवलत आहे. महिन्यात तीन लेट मार्क झाले की अर्ध्या दिवसाचा पगार कापावा, असे मालकांचे म्हणणे आहे. हा नियम कसा ठरवावा?

हिशेबनीस: आधी कापल्या जाणाऱ्या रकमेकडे पाहावे. समजा, पगार १८,२०० रुपये आहे. २६ दिवसांनी भागल्यास रोज ७०० रुपये पडतो. कामगार १२, १४ आणि ११ मिनिटे, म्हणजे एकूण ३७ मिनिटे उशिरा आला, तर आठ तासांच्या पाळीच्या हिशेबाने सुमारे ५४ रुपयांचे काम बुडते, पण कापले जातात ३५०. वेतन प्रदान अधिनियम, १९३६ च्या कलम ९ नुसार गैरहजेरीची कपात बुडालेल्या वेळेच्या प्रमाणापेक्षा जास्त करता येत नसे, आणि त्याची जागा घेतलेल्या २०१९ च्या वेतन संहितेतही हेच तत्त्व आहे. वरचे २९६ रुपये म्हणजे दंडच. तो पगाराच्या तीन टक्क्यांच्या कायदेशीर मर्यादेत बसत असला, तरी कामगाराचे म्हणणे ऐकल्याशिवाय घेता येत नाही.

पाळीप्रमुख: कायदा मान्य आहे, पण एक माणूस दहा मिनिटे उशिरा आला की पुढच्या यंत्रावरचे दोघे रिकामे थांबतात, हे नुकसान ५४ रुपयांत मोजले जात नाही. सवलत जाहीर झाली की बरेच जण नऊ वाजून आठ मिनिटांनाच येऊ लागतात, म्हणून अर्ध्या दिवसाची भीती हवीच.

रात्रपाळीवाला: आम्हाला सुटताना रोज अर्धा तास थांबवतात, त्याचा जमाखर्च कोणी करत नाही. उशीर मोजायचा तर तोही मोजावा.

हिशेबनीस: आपला प्रश्न जादा कामाच्या मोबदल्याचा आहे आणि तो रास्तच आहे, पण त्याची वजावट उशिरातून करू नये; दोन्हींची नोंद वेगळी ठेवावी. पाळीप्रमुखांचे म्हणणे सवलतीबाबत मला पटते, म्हणून ती रोज न देता महिन्यातून तीनदाच द्यावी आणि ती ओलांडली की मिनिटे नऊपासूनच मोजावीत. पगारातून तेवढीच मिनिटे कापावीत. चौथ्या उशिरापासून अर्ध्या दिवसाची किरकोळ रजा वजा करता येईल. केंद्र सरकारी कार्यालयांतही उशिराला अर्धी किरकोळ रजा वजा होते आणि महिन्यात दोनदा तासाभरापर्यंतचा उशीर माफ करता येतो. त्यापुढेही सवय सुटली नाही, तर लेखी नोटीस देऊन चौकशी करावी, कारण आदर्श स्थायी आदेशांत नेहमीचा उशीर हे गैरवर्तन मानलेले आहे.

पाळीप्रमुख: वर्षअखेरीस ज्याची रजाच संपली आहे, त्याचे काय? रजा नसताना अर्धा दिवस बिनपगारी धरला, तर पुन्हा तीच कपात झाली ना?

हिशेबनीस: होय, तिथे ही पद्धत अडते. अशा माणसाची मिनिटेच कापावीत, असे माझे मत आहे, पण मग रजा शिल्लक ठेवणाऱ्यालाच जास्त भुर्दंड बसतो, आणि त्यावर समाधानकारक तोडगा मला अजून सापडलेला नाही.