मदत हवी आहे: क्लायंटला टेस्टिमोनिअल मागायचा मेल नीट शब्दांत हवाय

शाईपेन
क्लायंटकडून टेस्टिमोनिअल हवंय, तीनदा मागून झालं, उत्तर नाही. आता मेल करणार आहे आणि तो जरा व्यवस्थित, आदराने लिहिलेला हवाय. आत्तापर्यंत व्हॉट्सअॅपवर पाठवलेलं असं आहे:

"सर ते टेस्टिमोनिअल राहिलंय बघा, दोन ओळी टाका ना पटकन"
"सर??"
"सर आज झालं तर बरं, साइट लाइव्ह करतोय. काहीही लिहा चालेल, फक्त चांगलं लिहा"

याचाच कोणीतरी चांगला मेल करून द्या प्लीज. संध्याकाळी पाठवायचाय.

टपालखातं
हे घ्या, मी गेली कित्येक वर्षं असंच लिहितो, कधी कोणी नाराज झालं नाही:
"माननीय महोदय, सविनय विनंती की आमच्या सेवेबाबतचा आपला बहुमूल्य अभिप्राय आपल्या सोयीने आम्हास कळवून उपकृत करावे. आपला नम्र."

रानवाट
काम कसलं होतं, संपून किती दिवस झाले, आणि हे सर म्हणजे मालक का तिथले नोकरदार? हे न सांगता मेल कोण कसा लिहून देणार?

शाईपेन
कामाने काय फरक पडतो? मेल टेस्टिमोनिअलचा आहे. असो, पंप बनवणारी कंपनी आहे, त्यांचं पंप बसवायचं मॅन्युअल मी नव्याने लिहून दिलं. संपून दोन महिने झाले. सर म्हणजे सर्व्हिस मॅनेजर, माझं सगळं बोलणं त्यांच्याशीच व्हायचं. टपालखातं, तुमचा मेल चांगला आहे पण आम्ही रोज "तुम्ही सर" असं बोलतो, एकदम "उपकृत करावे" म्हटलं तर त्यांना वाटेल मी रागावलोय.

रानवाट
बरोबर वाटतंय तुम्हाला, ते "तुम्ही"च ठेवा. आदर हा "महोदय" म्हटल्याने येत नाही, समोरच्याचं काम किती कमी केलं यातून येतो. टपालखातं यांच्या मेलमध्ये "आपल्या सोयीने" तेवढं कामाचं आहे, पण तो वाचून माणसाने लिहायचं काय हे तरीही कळत नाही.

आणि कामाने फरक पडतो. तुमच्या तिसऱ्या मेसेजमधलं "काहीही लिहा" हे तुम्हाला सूट दिल्यासारखं वाटतं, पण सर्व्हिस मॅनेजरला कोऱ्या कागदावर काही लिहायचं म्हणजे सगळ्यात अवघड. तो मेसेज उघडतो, दोन महिन्यांपूर्वीचं काम आठवायला बघतो, सुचत नाही, मग निवांत लिहू म्हणून ठेवून देतो आणि ते तिथेच राहतं. वर "फक्त चांगलं लिहा" म्हटल्यावर तर त्याचं खरं मत तुम्हाला नकोच आहे असं झालं. काम झाल्यावर ते स्वतःहून काही बोलले होते का? अगदी साधं वाक्य असलं तरी चालेल.

गुलबक्षी१२
एवढं कशाला, गुगल रिव्ह्यूची लिंक पाठवा, तारे दाबायचे आणि झालं. मी पुढच्या कामावर थोडी सूट देते म्हणून सांगते, लगेच येतात रिव्ह्यू.

कासव
गुलबक्षी, त्यांना वेबसाइटवर टाकायला नावानिशी अभिप्राय हवाय, गुगल रिव्ह्यू नाही. आणि सूट देऊन रिव्ह्यू घेणं गुगलच्या नियमात बसत नाही, रिव्ह्यू काढले जाऊ शकतात. सांभाळून.

गुलबक्षी१२
अच्छा, हे माहीत नव्हतं. थांबवते.

दुसरीपाळी
मी सांगतो सरळ उपाय. टेस्टिमोनिअल तुम्हीच लिहा, मस्त चार ओळींचं, मेलमध्ये टाका आणि खाली लिहा की शुक्रवारपर्यंत काही कळवलं नाहीत तर होकार समजतो. लोकांना वेळ नसतो, सही करायला सगळे तयार असतात.

रानवाट
पहिलं अर्धं मान्य, तयार मजकूर दिला की उत्तर सोपं होतं. दुसरं अजिबात नाही. गप्प बसला तर होकार, हा अभिप्राय मागणं नाही, ती अट झाली. त्या माणसाचं नाव न विचारता छापलं आणि उद्या त्याच्या साहेबाने ते पाहिलं तर त्रास त्याला.

कासव
पहिल्या अर्ध्यातही खड्डा आहे. मी तीन क्लायंटना माझ्या शब्दांत लिहून पाठवलं, तिघांनी "ओके" म्हटलं, मी टाकलं. नंतर कामाबद्दल विचारायला आलेल्या एका बाईंनी फोनवर विचारलं की हे तिन्ही एकाच माणसाने लिहिलेत का, तिन्हीत "वेळेच्या आत आणि अत्यंत आपुलकीने" आहे. मला काही बोलता येईना. त्याच रात्री तिन्ही काढली.

दुसरीपाळी
मग शब्द बदलून लिहायचे ना, त्यात काय. दहा वर्षांत मला कोणी विचारलं नाही.

शाईपेन
भांडू नका प्लीज, संध्याकाळ होईल. रानवाट, हो, बोलले होते. मागच्या महिन्यात फोनवर म्हणाले, "नवीन पोरं आता मॅन्युअल बघूनच पंप बसवतात, मला पहिल्यासारखे फोन येत नाहीत." त्याचं मी असं केलंय, बघा: "यांच्या अप्रतिम मॅन्युअलमुळे आमच्या सर्व्हिस विभागाचा कायापालट झाला आणि फोन पूर्णपणे बंद झाले."

रानवाट
त्यांचं वाक्य तुमच्या वाक्यापेक्षा दसपट चांगलं आहे! "नवीन पोरं" आणि "मला फोन" या दोन गोष्टींमुळे ते खऱ्या माणसाचं वाटतं. कायापालट हे ते कधी बोलणार नाहीत. आणि "बंद झाले" असं ते म्हणालेच नाहीत, तुम्ही वाढवलंत. जे बोलले तेवढंच ठेवा. फोनवरचं बोलणं लिहिलेलं नसतं, म्हणून तेच शब्द पुढे ठेवून विचारायचं, मग त्यांना आठवायचंही नाही आणि लिहायचंही नाही.

एक राहिलं. पैसे सगळे मिळाले का?

शाईपेन
शेवटचा हप्ता बाकी आहे. म्हणजे तिसऱ्या मेसेजनंतर लगेच बिलाची आठवणही पाठवली होती त्याच चॅटवर. त्याचा याच्याशी संबंध असेल असं वाटलं नाही.

कासव
अहो हेच तर पहिल्यांदा सांगायचं होतं!

रानवाट
संबंध आहे. त्यांच्या बाजूने बघा. बिल पास करणं बहुतेक त्यांच्या हातात नाही, अकाउंट्सकडे अडकलं असेल, त्यामुळे ते आधीच अवघडलेत. त्यात कौतुक लिहून द्यायचं म्हणजे कंपनीत कोणी म्हणेल कामाबद्दल इतकं समाधानी होतात तर हप्ता का अडवलात. माझं मत, आधी बिलाचं मार्गी लावा, मेल त्यानंतर आठवड्याने.

टपालखातं
मी उलट म्हणतो. अभिप्राय मिळाला की बिल पटकन निघतं, कारण लेखी समाधान हातात असतं. दोन्ही एकाच मेलमध्ये मागा.

कासव
एकाच मेलमध्ये नकोच, तो सौदा वाटतो. पण थांबायलाच हवं असंही मला वाटत नाही. बिलाचा मेल अकाउंट्सला, हा मेल यांना, दोन्ही वेगळे, एवढं पाळलं तरी चालेल.

शाईपेन
बिल कधी निघेल सांगता येत नाही, मी कासव म्हणतात तसं करतो. पण आज पाठवत नाही, दोन दिवस जाऊ देतो. मेल लिहून द्याल का आता?

रानवाट
मी असतो तर थांबलो असतो, पण तुमचा निर्णय. हा घ्या:

विषय: मॅन्युअलबद्दल तुम्ही फोनवर जे म्हणालात ते वापरू का?

नमस्कार सर,
टेस्टिमोनिअलसाठी मी व्हॉट्सअॅपवर घाईघाईत मागे लागलो, ते बरोबर नव्हतं. आता नीट विचारतो.
माझ्या वेबसाइटवर कामाच्या नमुन्यांचं पान करतोय. पंपाच्या मॅन्युअलखाली तुमचं फोनवरचं हे म्हणणं द्यावं असं वाटतं:
"नवीन मुलं आता मॅन्युअल बघूनच पंप बसवतात. मला पहिल्यासारखे फोन येत नाहीत."
असंच ठीक असेल तर "चालेल" एवढं उत्तर पुरे. काही बदलायचं असेल तर इथेच बदलून पाठवा. नाव द्यायचं, नुसतं पद द्यायचं की कंपनीचा उल्लेख नको, हे तुम्ही म्हणाल तसं. तुम्ही कळवल्याशिवाय मी काहीही टाकणार नाही.
कंपनीच्या नियमात बसत नसेल किंवा नको वाटत असेल तर तसं सांगा, आणि उत्तर नाही आलं तर मी ते "नको" असंच समजेन. घाई काहीच नाही.

माफी एकाच ओळीत ठेवली आहे, त्याहून जास्त नको, नाहीतर ते तुमची समजूत काढायला बसतील. "फक्त दोन मिनिटं लागतील" हे मुद्दाम लिहिलं नाही, त्यांचा वेळ किती जाईल ते आपण ठरवायचं नाही. "पोरं"चं "मुलं" केलंय कारण ते छापलं जाणार आहे, त्यांना "पोरं"च हवं असेल तर ते करतील.

दुसरीपाळी
उत्तर नाही म्हणजे "नको"? मग उत्तर येणारच नाही, बघा.

रानवाट
येणार नाही असंही होऊ शकतं. तीन मेसेज आधीच गेलेत म्हणून इथे आठवणीचा मेलही मी पाठवला नसता. पहिलंच मागणं असतं तर दहा-बारा दिवसांनी त्याच मेलखाली एक ओळ चालली असती, मग बास.

गुलबक्षी१२
मी हा साचा ठेवून घेते हां. माझे क्लायंट काही बोलतच नाहीत पण, मग काय लिहायचं तिथे?

कासव
मग एकच प्रश्न विचारा, कामाच्या जवळचा. "काम कसं वाटलं" नको. "आधी कशात अडचण यायची आणि आता ती येते का" असा. आलेल्या उत्तरातलं वाक्य उचला आणि परत दाखवा. उत्तर वाईट आलं तर ते टाकायला नाही, सुधारायला मिळालं.

शाईपेन (सहा दिवसांनी)
उत्तर आलं! पाठवल्यावर चौथ्या दिवशी. लिहिलंय, "चालेल. 'फोन येत नाहीत' नको, 'फोन कमी झाले' करा, अजून थोडे येतात. कंपनीचं नाव हेड ऑफिसला विचारावं लागेल, ते सध्या टाकू नका." बिलाबद्दल एक अक्षर नाही, अकाउंट्सचंही उत्तर नाही.

आता प्रश्न असा की "सर्व्हिस मॅनेजर, पंप उत्पादक कंपनी" एवढं लिहिलं तर चालेल ना? नाव तर घेत नाहीये.

रानवाट
त्याच पानावर मॅन्युअलचं कव्हर दाखवताय का? कव्हरवर नाव असेलच, मग कंपनी कळलीच की. ही ओळ जशी छापणार तशीच त्यांना पाठवा आणि कव्हरचंही विचारा. तोपर्यंत कव्हर झाकून आतलं एखादं पान दाखवा, तेही नाव-लोगो नसलेलं.

शाईपेन
कव्हर लावलेलंच आहे, सहा दिवस झाले. आत्ता काढतो आणि त्यांना विचारतो.