‘जर्मन’ चालतं, मग ‘डफला’ का टोचतं?

मिहीर_पुणे
जर्मन लोक स्वतःला डॉइच म्हणवतात. आपण त्यांना जर्मन म्हणतो, फ्रेंच आणखी तिसरंच काही म्हणतात, कुणाचं काही बिघडत नाही. परवा ऑफिसात एका जुन्या पुस्तकातला अरुणाचलच्या ‘डफला’ लोकांवरचा उतारा मी वाचून दाखवला, तर इटानगरची सहकारी मधूनच उठून गेली. नंतर एवढंच म्हणाली, “आम्ही निशी.” बाहेरच्यांनी ठेवलेलं एक नाव चालतं, दुसरं नाही, हे ठरवतं कोण? की हल्ली सगळ्यांनाच सगळं लागतं?

उर्मिला_के
सोपं आहे. शब्दाचा अर्थ वाईट असेल तर लागतं, नसेल तर नाही. ‘एस्किमो’ म्हणजे कच्चं मांस खाणारे, म्हणून कॅनडात तो शब्द गेला आणि इन्युइट आला. ‘डफला’चाही अर्थ रानटी असा काहीतरी असणार.

दिगंबर_जो
अर्थावरच असेल तर हे घ्या. पोलिश भाषेत जर्मनांना जो शब्द आहे, त्याचं मूळ ‘मुका’ या शब्दाशी जोडतात. आपली भाषा ज्याला बोलता येत नाही तो मुका. शेजाऱ्याला मुका म्हणण्यासारखं दुसरं काय हिणवणं असेल? पण आजवर एकाही जर्मनाने मोर्चा काढलेला नाही. तेव्हा अर्थबिर्थ काही नाही, हे राजकारण आहे. नाव बदलल्याने रस्ता होत नाही की दवाखाना येत नाही. उलट जुने दस्तऐवज शोधणाऱ्याची पंचाईत होते, कारण शंभर वर्षांच्या कागदांत एक नाव आणि पुढच्या कागदांत दुसरंच.

जुना_नेफा
नोकरीच्या निमित्ताने मी अरुणाचलमधल्या झिरो आणि सेप्पा या भागांत बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

उर्मिलाताई, एस्किमोचा तो ‘कच्चं मांस’ अर्थ सगळीकडे छापलेला सापडतो, पण भाषेच्या अभ्यासकांचा कल आता वेगळा आहे. तो शब्द पूर्व कॅनडातल्या इन्नू लोकांच्या बोलीतून आला असावा आणि त्याचा संबंध बर्फावर चालण्याच्या जाळीदार बुटांशी असावा, असं ते मानतात. म्हणजे अर्थ बहुधा निरुपद्रवीच होता. तरी लोकांनी तो टाकलाच. अलास्कातले युपिक लोक ‘इन्युइट’ही म्हणवून घेत नाहीत, कारण ते इन्युइट नाहीतच.

दिगंबरराव, पोलंडचं उदाहरण चांगलं काढलंत. पण ते तुमच्याच विरुद्ध जातं. पोलिश माणसाने घरात जर्मनाला काहीही म्हटलं तरी जर्मनाच्या जमिनीचा, नोकरीचा, शाळेचा कागद त्या नावाने निघत नव्हता. निशींचा निघत होता.

आता ‘डफला’. हा शब्द आसामच्या मैदानातला, आहोम राजांच्या काळापासूनचा. डोंगरातल्या लोकांनी पायथ्याच्या ठरावीक गावांतून दरवर्षी धान्य, कापड, मीठ असा हिस्सा घ्यायचा, त्याला ‘पोसा’ म्हणत. आहोमांनी तो मान्य केला होता. डोंगरवाल्यांच्या दृष्टीने तो हक्क, मैदानवाल्यांच्या दृष्टीने शांततेची किंमत. इंग्रज आले आणि त्यांनी गावोगाव फिरून गोळा करणं बंद करून सरकारी तिजोरीतून रोख रक्कम द्यायला सुरुवात केली. रोख रक्कम म्हटली की ती अडवून धरता येते, हे त्यांच्या लगेच लक्षात आलं.

एक प्रसंग सांगतो, म्हणजे त्या शब्दाला वास कुठून लागला ते कळेल. १८७०च्या दशकाच्या सुरुवातीला डोंगरात डांग्या खोकल्याची साथ आली. ती मैदानात स्थायिक झालेल्या आपल्याच भाऊबंदांकडून वर आली, असं डोंगरातल्या लोकांचं म्हणणं होतं. मेलेल्यांची भरपाई मागितली, मिळाली नाही, तेव्हा त्यांनी मैदानातल्या आमतोला गावावर धाड घालून माणसं पकडून नेली. त्यांच्या रीतीप्रमाणे ही वसुली होती. सरकारी कागदात ती ‘डफल्यांची आगळीक’ झाली. आधी डोंगराच्या वाटा अडवल्या, मग १८७४-७५मध्ये फौज वर गेली. त्या काळातल्या फाइली चाळल्या तर ‘डफला’ हा शब्द धाड, नाकेबंदी, दंड, मोहीम यांच्याच शेजारी बसलेला दिसतो. मूळ अर्थ काय यावर एकमत नाही आणि त्याने फरकही पडत नाही. दीडशे वर्षं एखादं नाव फक्त तक्रारीच्या कागदात वापरलं, तर तेच त्याचा अर्थ होतं.

कट्ट्यावरचा_बाळू
मग बॉम्बेचं मुंबई केलं तेव्हा का ओरडले लोक? आपल्या नावाचा आपल्याला अभिमान नको?

मिहीर_पुणे
बाळू, गावाचं नाव वेगळं, माणसांचं वेगळं. इथे माणसांबद्दल चाललंय. नेफाकाका, पण हे सगळं इंग्रजांचं झालं. स्वातंत्र्यानंतर काय?

जुना_नेफा
स्वातंत्र्यानंतर तोच शब्द कायद्यात शिरला. अनुसूचित जमातींचा १९५०चा आदेश आहे, त्याला जोडलेल्या अरुणाचलच्या यादीत ‘डफला’ अशीच नोंद होती. गावात, सभेत, शाळेत सगळे निशी. पण शिष्यवृत्ती हवी, नोकरी हवी, तर दाखला डफला म्हणून. आमच्या कार्यालयात दाखल्याला आलेली मुलं अर्जावर ‘निशी’ लिहायची आणि कारकून शेजारी कंसात ‘डफला’ लिहायचा, नाहीतर दिल्लीत तो अर्ज अडकायचा. एक मुलगा तो कंस ब्लेडने खरवडून आला होता. कागदाला भोक पडलं होतं, अर्ज पुन्हा भरावा लागला.

ती नोंद बदलायला २००८ साल उजाडलं. राज्य सरकारला किंवा कलेक्टरला हे करता येत नाही. घटनेच्या ३४२व्या कलमाप्रमाणे यादीतला एक शब्दही बदलायचा तर संसदेलाच कायदा करावा लागतो. तो झाला आणि ‘डफला’च्या जागी ‘निशी’ आलं. २०२१मध्ये आणखी एक कायदा झाला, त्यात ‘अबोर’ ही नोंद काढली. ते लोक स्वतःला आदी म्हणतात आणि आदी ही नोंद यादीत आधीपासून होतीच. म्हणजे इतकी वर्षं एकच लोक दोन नावांनी यादीत होते, एक त्यांचं, एक दुसऱ्यांचं.

दिगंबरराव म्हणतात तशी जुन्या कागदांची अडचण खरी आहे. बापाचा दाखला डफला, मुलाचा निशी, असं आजही असतं आणि दोन्ही एकच हे दाखवावं लागतं. पण लोकांनी ती कटकट ओढवून घेतली आणि नाव बदलून घेतलं, यावरून त्यांना ते किती टोचत होतं ते समजा.

इंद्रावतीकाठ
मी भामरागडकडचा, माडिया. आमचं उदाहरण उलटं आहे म्हणून लिहितो. घरात आम्ही स्वतःला कोयतूर म्हणतो. ‘गोंड’ हे बाहेरच्यांनी दिलेलं. पण ‘गोंड’ म्हटलं म्हणून आमच्यात कुणी उठून जात नाही. चांदा, देवगड, गढा ही गोंड राज्यं होती, चंद्रपूरचा परकोट गोंड राजांचा. नाव बाहेरचं असलं तरी त्याच्यासोबत किल्ला आला, राजा आला. निशींच्या त्या शब्दासोबत नुसती दंडाची नोटीस आली.

आता महाराष्ट्राची यादी बघा. गोंड या नोंदीखाली पोटनावांची लांबलचक रांग आहे, त्यात कोईतर, कोया, माडिया सगळं आहे. त्याच रांगेत ‘दंडामी मारिया’ आहे आणि ‘बायसनहॉर्न मारिया’ही आहे. हे दोन्ही एकच लोक! बस्तरात नाचताना गव्याच्या शिंगांचा मुकुट घालतात, तो पाहून साहेबाने ठेवलेलं नाव थेट भारताच्या कायद्यात. मला ते वाचून हसू येतं, पण तिकडच्या पोरांना फॉर्मवर ते लिहायला लागत असेल तर त्यांना काय वाटत असेल सांगता येत नाही.

हसण्यावारी न्यायचं नाही याचं कारण वेगळं आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली यादीतल्या ‘हलबा’ नावावर हक्क सांगणाऱ्या हलबा-कोष्टींच्या प्रकरणात, मिलिंद खटल्यात, सांगितलं की यादीतला शब्द आहे तसाच वाचायचा, ‘म्हणजेच अमुक’ असं कुणी जोडायचं नाही. त्यामुळे आमच्याकडे ‘गोंड’ काढा आणि ‘कोयतूर’ घाला अशी मागणी पुढे आली की जुनी माणसं घाबरतात. यादीत ‘कोईतर’ आहे, पोरं ‘कोयतूर’ लिहितात. एका अक्षराच्या फरकाने पडताळणी समितीने दाखला अडवला तर? अरुणाचलची यादी ‘राज्यातल्या सर्व जमाती, त्यात पुढील’ अशी सुरू होते, तिथे नाव बदलताना बाहेर पडायची भीती नव्हती. आमची यादी तशी नाही.

दिगंबर_जो
इंद्रावतीकाठ, हे मला माहीत नव्हतं, पण माझा मुद्दा याने पक्काच होतो. नाव बदलणं हा पोटापाण्याचा आणि राजकारणाचा खेळ आहे. शिवाय ‘आपलं नाव’ तरी कुणाचं? नेफाकाका, सेप्पाकडचे लोक स्वतःला बांगनी म्हणायचे ना? आता ते सगळे निशी. मोठ्या गटाने लहान गटावर नाव घातलं, फक्त घालणारा आतला होता, एवढंच.

जुना_नेफा
बांगनीबद्दल तुमचं चूक नाही. सेप्पाकडच्या म्हाताऱ्यांच्या तोंडून तो शब्द मी ऐकला आहे आणि काहींना तो गेल्याचं वाईटही वाटायचं. मिझोरममध्ये उलटं झालं. ‘लुशाई’ हे तिथल्या एकाच कुळाचं नाव, इंग्रजांनी ते सगळ्या डोंगराला लावलं. १९५४च्या कायद्याने लुशाई हिल्सचा मिझो जिल्हा झाला, कारण इतर कुळांना दुसऱ्याच्या कुळाच्या नावाने ओळखलं जाणं नको होतं. तेव्हा आतलं नाव म्हणजे सगळ्यांचं नाव, असं नसतं. पण बांगनी आणि निशी यांनी ते आपसात बसून ठरवायचं. मधे तुम्ही-आम्ही ‘डफला’ म्हणत राहण्याचं ते कारण कसं होईल?

दिगंबर_जो
आपसात बसून ठरवलं की संघटनेच्या चार पुढाऱ्यांनी ठरवलं, हे तुम्हीही सांगू शकत नाही.

उर्मिला_के
मग एक व्यवहाराचं विचारते. मी भाषांतरं करते. मूळ लेख १९४५चा असेल आणि लेखकाने ‘डफला’च लिहिलं असेल तर मी काय करू? बदललं तर मूळ लेखकाशी बेइमानी, ठेवलं तर मिहीरच्या ऑफिससारखी गत.

जुना_नेफा
अवतरणात मूळ शब्द ठेवा, तुमच्या स्वतःच्या वाक्यात निशी लिहा आणि पहिल्याच उल्लेखाला एक तळटीप द्या. त्या भागात १९४४-४५मध्ये फिरलेले मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांनी आधी ‘डफला’ लिहिलं आणि नंतरच्या लिखाणात स्वतःच ‘निशी’वर आले. म्हणजे बेइमानीची भीती बाळगायचं कारण नाही. मिहीर, तुम्ही मोठ्याने वाचत होता, तिथे तळटीप ऐकू येत नाही. वाचायच्या आधी एक वाक्य बोलायला हवं होतं.

इंद्रावतीकाठ
उर्मिलाताई, तळटीप देताना ‘बायसनहॉर्न’चंही बघा. मराठीत त्याचं सरळ ‘गवाशिंगे मारिया’ केलेलं मी वाचलंय. ते तर साहेबानेही म्हटलं नव्हतं.